घाई, ठणका, धास्ती आणि रक्तदाबाचा आकडा

शासकीय रुग्णालयांच्या दंत विभागात एक पेच वारंवार पडतो. दाढ काढायला आलेल्या रुग्णाचा रक्तदाब आधी मोजला जातो. आकडा जास्त आला की केसपेपरवर ‘बीपी कमी झाल्यावर या’ असा शेरा पडतो आणि रुग्णाची रवानगी मेडिसिनच्या ओपीडीत होते. तिथे गर्दीत उभ्या-उभ्या पुन्हा मोजमाप होते, आकडा तसाच किंवा थोडा वाढलेला असतो. मग एक गोळी लिहून दिली जाते. रुग्ण दुखरी दाढ घेऊन घरी जातो, आणि सोबत ‘आपल्याला बीपी आहे’ ही नवी माहितीही घेऊन जातो. दाब उतरल्याशिवाय दाढ निघत नाही आणि दाढ निघाल्याशिवाय दाब उतरत नाही, अशी ही अडवणूक असते.

ओपीडीत नेहमी दिसणारे एक उदाहरण पाहू. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई घरगुती जेवणाचे डबे पुरवतात. खालची दाढ चार दिवस ठणकते आहे. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी त्या दिवसातून दोनदा घेत आहेत. सकाळचे डबे उरकून, एसटी पकडून, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहून, लिफ्ट बंद असल्याने दोन जिने चढून त्या दंत विभागात पोचल्या, तेव्हा त्यांचे नाव पुकारले जात होते. खुर्चीत टेकताक्षणी दंडाला पट्टा बांधला गेला. आकडा आला १७६/१०४, नाडी मिनिटाला ११२. “बाई, बीपी फार वाढलंय हो तुमचं,” असे कोणीतरी म्हणाले. बाईंच्या आईला रक्तदाबातूनच लकवा झाला होता. दोन मिनिटांनी पुन्हा मोजले तर १८२/१०६.

दोन मिनिटांत त्यांच्या रक्तवाहिन्यांना काही नवा आजार जडलेला नव्हता. वाढली होती ती फक्त भीती.

रक्तदाब म्हणजे हृदयाने ढकललेल्या रक्ताचा रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. वरचा आकडा हृदय आकुंचन पावताना असतो तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. हृदय किती जोराने आणि किती वेगाने रक्त ढकलते, आणि लहान रोहिण्या किती आवळलेल्या आहेत, या दोन गोष्टींवर हा दाब ठरतो. दोन्हींचा लगाम आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या एका मज्जासंस्थेच्या हातात असतो. जिने चढताना स्नायूंना रक्त हवे म्हणून ती हृदयाला वेग देते. दुखत असेल तर ती रोहिण्या आवळते. भीती वाटली की मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावते आणि दोन्ही कामे एकदम करते. निरोगी माणसाने बर्फाच्या पाण्यात हात बुडवून मिनिटभर धरला तरी त्याचा रक्तदाब चढतो आणि हात बाहेर काढल्यावर काही मिनिटांत उतरतो. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर तो हात चार दिवस बर्फाच्या पाण्यातच आहे असे समजावे.

धास्तीने दाब किती वाढतो, याचे एक चोख मोजमाप इटलीत झाले. ज्युसेप्पे मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ते प्रसिद्ध केले. रुग्णालयात दाखल असलेल्या ४८ जणांच्या रोहिणीत बारीक नळी घालून त्यांचा दाब सतत टिपला जात होता, म्हणजे पट्टा आवळण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रुग्णाच्या खाटेपाशी डॉक्टर येऊन रक्तदाब मोजू लागले की वरचा आकडा सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने वर जाई. ही वाढ पहिल्या एक ते चार मिनिटांत शिगेला पोचत असे, आणि दहाएक मिनिटांत बरीचशी ओसरत असे. ज्यांना रक्तदाब होता त्यांच्यातही आणि ज्यांना नव्हता त्यांच्यातही ती दिसली. याच गटाच्या पुढच्या पाहणीत डॉक्टरऐवजी परिचारिकेने मोजले तेव्हा ही वाढ साधारण निम्म्यावर आली. आपल्याकडच्या ओपीडीत रक्तदाब नेमका त्या पहिल्या चार मिनिटांतच मोजला जातो, कारण पाचवे मिनिट कोणाकडेच नसते.

या बाईंच्या बाबतीत मेडिसिनच्या ओपीडीत ते पाचवे मिनिट दिले गेले. आधी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितले, कारण भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पायावर पाय न टाकता दहा मिनिटे बसवले. मोजताना हात टेबलावर, छातीच्या पातळीला ठेवला. हात खाली लोंबत असेल तर हृदयापासूनच्या प्रत्येक दहा सेंटिमीटर खोलीमागे आकडा सात-आठने खोटा वाढतो. हा साध्या पाण्याच्या टाकीचा हिशेब आहे, त्यात आजार नाही. ब्लाउजच्या बाहीवरून बांधलेला पट्टा सोडून उघड्या दंडावर बांधला, आणि तो मोठ्या मापाचा घेतला. जाड दंडाला लहान पट्टा आवळला तर आकडा हमखास जास्त येतो. पट्ट्यातील हवेच्या पिशवीने दंडाचा निदान ऐंशी टक्के घेर व्यापायला हवा. मोजताना कोणी बोलले नाही, कारण नुसत्या बोलण्यानेही दहाएक अंकांचा फरक पडू शकतो. ‘डबे किती देता हो तुम्ही?’ ही आपुलकीची चौकशी पट्टा सोडल्यावर केलेली बरी.

मिनिट-मिनिटाच्या अंतराने तीन नोंदी आल्या : १६४/९८, १५८/९४, १५४/९४. नाडी ८८. या आकड्यांना ‘नॉर्मल’ म्हणता येणार नाही, पण ते कुठल्या दिशेला चालले आहेत हे पाहण्यासारखे होते. धावपळीचा वाटा दहा मिनिटांत गळून पडला. भीतीचा काही भाग ओसरला. ठणका मात्र तसाच होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा वाटाही. त्या दिवशी या बाईंना उच्च रक्तदाब आहे असे म्हणायला आधार नव्हता, आणि नाही असे म्हणायलाही नव्हता. केसपेपरवर तेच लिहिले गेले.

अशा वेळी दोन चुकांचा मोह होतो. पहिली म्हणजे आकडा ताबडतोब खाली आणण्याची. एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची पद्धत सर्रास होती. दाब झपाट्याने कोसळतो, आकडा देखणा दिसतो, पण त्या झटक्याने मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटून लकवा आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी झाल्या. १९९० च्या दशकातच या पद्धतीविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. तरीही ती सवय पुरती गेलेली नाही. आकड्यावर उपचार करायचा नसतो, तो ज्याचा आकडा आहे त्या माणसावर करायचा असतो. दुसरी चूक म्हणजे दाढ काढणे पुढे ढकलण्याची. तातडीची गरज नसलेली दातांची कामे साधारणपणे १८०/११० च्या वर दाब असेल तर थांबवतात. त्याखाली, अन्य धोके नसतील तर, काळजी घेऊन दाढ काढता येते. इथे तर दाढ हेच दाब वाढण्याचे एक कारण होते. बाईंना परत दंत विभागात पाठवले, भूल दिली गेली, दाढ निघाली. अर्ध्या तासाने, कापसाचा बोळा दाबून बसलेल्या असताना दाब होता १४४/८८.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल इथेच सांगायला हवे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकरवी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे त्या स्वतःच दाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणामही कमी करतात. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांचेही तसेच. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेणाऱ्याचा वाढलेला दाब दुखण्यामुळे आहे की दुखण्यावरच्या औषधामुळे, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. त्याहून आधी, आपण कोणती गोळी घेतो हे रुग्णाने सांगायला हवे. मेडिकलमधून आणलेली गोळी अनेकांना ‘औषध’ वाटतच नाही.

बाईंना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिले आणि तीन दिवसांनी, दाढेची जागा शांत झाल्यावर, घरी आठवडाभर रक्तदाब मोजायला सांगितले. यंत्र दंडाला पट्टा बांधायचे, स्वयंचलित. मनगटाची यंत्रे हात जरा वर-खाली झाला की चुकतात. पद्धत ठरलेली आहे. सकाळी चहा आणि गोळी घेण्याआधी, रात्री जेवणाआधी, पाच मिनिटे शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजायचे आणि जे येईल ते वहीत लिहायचे. ‘हा जास्त आला, जाऊ दे, पुन्हा मोजू’ असे करायचे नाही. सात दिवसांनी पहिला दिवस वगळायचा आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. पहिल्या दिवशी यंत्राचे अप्रूप आणि धाकधूक दोन्ही असतात.

त्यांच्या वहीत पहिल्या दिवसाची सरासरी १४९/९२ होती. पुढचे सहा दिवस वरचा आकडा अनुक्रमे १३६, १३२, १३०, १२९, १३१ आणि १२८ असा होता; खालचा ८४, ८२, ८०, ८१, ८१ आणि ७८. सरासरी १३१/८१. दवाखान्यात मोजताना १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा धरतात, पण घरच्या मोजमापाला ती १३५/८५ आहे, कारण घरी माणूस निवांत असतो आणि आकडे मुळात कमी येतात. हा बारकावा लक्षात न घेता घरचा १३८ ‘नॉर्मल’ समजून सोडून देणारे पुष्कळ आहेत. बाईंची सरासरी सीमेखाली आली, फार खाली नाही. गोळी सुरू झाली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा असाच आठवडा मोजायचा आणि पुढे दरवर्षी, असे ठरले. कारण केवळ दवाखान्यात दाब वाढणाऱ्या माणसांमध्ये पुढे खरा उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि आईचा इतिहासही होताच.

याच उदाहरणात एक दुसरा माणूस आहे. बाईंना घ्यायला त्यांचे यजमान आले होते, वय त्रेपन्न. ते तासभर बाकावर निवांत बसून होते. काहीही त्रास नाही. सिस्टरनी ‘तुमचाही बघू या’ म्हणून मोजला : १५२/९६, नाडी ७०. “हिच्या काळजीनं वाढला असेल,” ते म्हणाले. बायकोच्या १८२ पुढे नवऱ्याचा १५२ किरकोळ वाटावा, आणि घरी परतताना चर्चाही तिच्याच आकड्याची झाली असणार.

पण एकाच घरात, एकाच यंत्रावर, त्याच आठवड्यात त्यांची सहा दिवसांची सरासरी आली १४७/९३. वरचा आकडा कधी १४२, कधी १५३. सकाळी तोच, रात्री तोच, कामाच्या दिवशी तोच आणि रविवारीही तोच. तात्पुरता चढलेला दाब कारण निघून गेले की उतरतो. हा उतरत नव्हता, कारण त्याला उतरण्यासाठी कोणते तात्पुरते कारणच नव्हते. पुढच्या तपासण्यांनी ते पक्के केले. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा होत्या आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होते. हृदयाची भिंत जाड व्हायला किंवा मूत्रपिंडाची गाळणी झिरपू लागायला काही वर्षे सतत वाढलेला दाब लागतो. घाईघाईत चढलेले दोन जिने किंवा एक जागी रात्र असे करू शकत नाहीत. म्हणून जिथे आकड्यांवरून निर्णय होत नाही, तिथे ईसीजी, लघवी, क्रिएटिनिन आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी साक्षीला येतात. मात्र या तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे रक्तदाब नाही असे नाही; तो अजून नवा असू शकतो. यजमानांना अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. तंबाखू आणि जेवणातले लोणचे-पापड हा विषय निघाला तेव्हा बाईंनी डॉक्टरांना बरीच माहिती पुरवली.

नाडीवरून काही कळते का? थोडेसे. धाप, भीती, वेदना यांत बहुधा नाडीही वाढते, त्यामुळे ११२ नाडीबरोबर आलेला १७६ संशयास्पद मानून थोडे थांबावे. पण हा पक्का निकष नव्हे. काही जणांची भीती नाडीत दिसतच नाही, आणि हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तर नाडी गप्पच राहते. लक्षणांवर तर मुळीच विसंबू नये. ‘डोकं दुखलं की माझं बीपी वाढतं’ असे अनेक जण सांगतात, पण बऱ्याचदा क्रम उलटा असतो : डोके दुखते म्हणून दाब वाढलेला असतो. वर्षानुवर्षे मुरलेला उच्च रक्तदाब बहुधा काहीच दुखवत नाही. यजमानांनाही काही दुखत नव्हते.

काही माणसांना घरचे यंत्रच धास्तीचे कारण होते. दिवसातून पंधरा वेळा मोजतात, एक आकडा जास्त आला की घाबरतात, घाबरून मोजतात आणि तो आणखी जास्त येतो. अशांनी सकाळ-रात्रीखेरीज यंत्र कपाटात ठेवावे. तेवढ्यानेही भागत नसेल, किंवा घरचे आणि दवाखान्याचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर चोवीस तास अंगावर राहणारे यंत्र लावतात. ते दर पंधरा ते तीस मिनिटांनी आपोआप दाब टिपते, झोपेतही. त्याची गंमत रात्रीच्या नोंदींत आहे. झोपलेला माणूस घाबरत नाही, त्याला बस पकडायची नसते. झोपेत दाब दिवसापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरायला हवा. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून जास्त, आणि चोवीस तासांची १३०/८० किंवा त्याहून जास्त असेल, तर धास्तीकडे बोट दाखवता येत नाही. याच यंत्राने उलट प्रकारही उघडा पडतो : दवाखान्यात १३२ दाखवणारा आणि कामावर, रात्रपाळीत सतत १५० च्या घरात असणारा माणूस. तो दवाखान्यातून ‘सगळं छान आहे’ ऐकून गेलेला असतो, म्हणून त्याला धोका जास्त.

घरी यंत्र नसेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगवेगळ्या तीन दिवशी जाऊन, गर्दी कमी असेल तेव्हा दहा मिनिटे बसून मोजून घ्यावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी टाळावी. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजायला सांगावे. फरक दहापेक्षा जास्त असेल तर ज्या दंडाचा आकडा मोठा, तोच पुढे धरायचा. आकडा कागदावर तारखेसह लिहून घ्यावा, आणि शेजारी एवढेच लिहावे : दुखत होते का, झोप झाली होती का, कोणती गोळी घेतली होती. पुढच्या डॉक्टरला त्या एका ओळीचा उपयोग आकड्याइतकाच होतो.

थांबून पुन्हा मोजण्याची ही मुभा काही जणांना नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, बोलणे अडखळत असेल, एकाएकी दिसेनासे झाले असेल किंवा माणूस बरळत असेल, आणि सोबत दाब १८०/१२० च्या आसपास किंवा वर असेल, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणत बसवून ठेवू नये, थेट अपघात विभागात न्यावे. लकव्याची किंवा हृदयविकाराची लक्षणे असतील तर आकडा कितीही असो, न्यावेच. आणि गरोदर बाईचा दाब विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्यावर आला, तर ती कितीही घाईत आलेली असो, काही तासांनी पुन्हा मोजमाप आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी झाल्याखेरीज तिला घरी पाठवायचे नसते.